झूम केलं की फोटो का हलतात? ॲपर्चर, शटर स्पीड, एक्सपोजर आणि फोकल लेंथ एकाच कार्यक्रमात

प्रश्न : दिवाळीत पहिलाच मिररलेस कॅमेरा घेतला, सोबत 18-55 ची किट लेन्स आहे. मराठीत मिळेल ते वाचतोय. कुठे 'छिद्र', कुठे 'ॲपर्चर', कुठे 'नाभीय अंतर', कुठे 'एक्सपोजर'. अर्थ पाठ झालेत, पण यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. परवा भाचीच्या गॅदरिंगला नाट्यगृहात फोटो काढले. स्टेजच्या पुढ्यात जाऊन झूम न करता काढलेले त्यातल्या त्यात बरे आहेत, खुर्चीवरून पूर्ण झूम करून काढलेले सगळे हललेत. चेहरे दोन्हीकडे पांढरेफटक. सेटिंगला मी हात लावला नव्हता. डायल P वर होता, आणि आयएसओ 1600 च्या वर नेऊ नये असं वाचल्यामुळे ऑटो आयएसओची मर्यादा तेवढीच ठेवली होती. जवळच्या फोटोखाली 18mm, f/3.5, 1/50, ISO 1600 दिसतं, लांबच्या फोटोखाली 55mm, f/5.6, 1/20, ISO 1600. हे असं का झालं? नवीन लेन्स घ्यावी का?

उत्तर : सेटिंगला हात लावला नसलात तरी झूमची रिंग फिरवलीत. त्या फिरवण्याने फोकल लेंथ बदलली, तिच्यापायी ॲपर्चर बदललं, ॲपर्चरपायी शटर स्पीड बदलला, आणि एक्सपोजर मात्र होतं तेवढंच राहिलं. तुम्ही दिलेल्या आकड्यांत ही सगळी साखळी दिसते, म्हणून वेगळी उदाहरणं न घेता याच दोन फोटोंवरून सांगतो.

शब्दांचा गुंता आधी सोडवून टाकू. छिद्र, भिंगछिद्र, द्वारक म्हणजे ॲपर्चरच. नाभीय अंतर किंवा जुन्या पुस्तकांतलं केंद्रांतर म्हणजे फोकल लेंथ. उद्भासन किंवा प्रकाशन म्हणजे एक्सपोजर. कॅमेऱ्याच्या मेनूत इंग्रजीच नावं असल्यामुळे मी तीच वापरतो. खरी अडचण मात्र नावांची नाही, 'वाढवा' आणि 'कमी करा' या क्रियापदांची आहे. 'ॲपर्चर वाढवा' असं कुणी लिहिलं, तर भोक मोठं करायचं की आकडा मोठा करायचा हे कळत नाही, आणि या दोन गोष्टी नेमक्या उलट्या आहेत. f/3.5 ला भोक जास्त उघडं असतं, f/5.6 ला कमी. शटर स्पीडचंही तेच. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बऱ्याचदा नुसतं 125 दिसतं, त्याचा अर्थ सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. 2" असं दुहेरी अवतरणचिन्हासारख्या खुणेसह दिसलं, तर ते पूर्ण दोन सेकंद. म्हणून गाइड वाचताना 'वाढवा' दिसलं की स्वतःला एकच विचारायचं : सेन्सरवर उजेड जास्त येणार की कमी? उत्तर मिळालं की वाक्याचा अर्थ लागतो.

आता फोकल लेंथ. लेन्सवर 18-55mm लिहिलंय ते फोकल लेंथचं माप. हा आकडा लेन्सचा स्वतःचा असतो, ती कुठल्याही कॅमेऱ्यावर चढवली तरी बदलत नाही. व्यवहारात त्याचा परिणाम म्हणजे समोरच्या दृश्याचा किती भाग चौकटीत येतो. तुम्ही एकाच खुर्चीवर बसून आधी १८ वर आणि मग ५५ वर फोटो घेतलात, तर दुसऱ्या फोटोत रुंदी साधारण एक तृतीयांश आणि उंचीही एक तृतीयांश उरते. म्हणजे आधी दिसत होतं त्याच्या साधारण नवव्या हिश्शाएवढंच दृश्य आता पूर्ण सेन्सरवर पसरलेलं असतं. हा नववा हिस्सा लक्षात ठेवा, पुढे लगेच लागणार आहे.

लेन्सच्या पुढच्या कडेवर 1:3.5-5.6 असंही कोरलेलं असेल. त्याचा अर्थ, १८ वर ही लेन्स जास्तीत जास्त f/3.5 पर्यंत उघडते आणि ५५ वर f/5.6 पर्यंतच. हा f चा आकडा म्हणजे भागाकार आहे : फोकल लेंथला भोकाच्या व्यासाने भागायचं.

```
f-आकडा = फोकल लेंथ ÷ भोकाचा व्यास
म्हणून भोकाचा व्यास = फोकल लेंथ ÷ f-आकडा
18 ÷ 3.5 = 5.1 मिमी
55 ÷ 5.6 = 9.8 मिमी
```

इथे बहुतेक नवखे चक्रावतात, आणि चक्रावणं साहजिक आहे. ५५ वर भोक प्रत्यक्षात मोठं झालंय, जवळजवळ दुप्पट व्यासाचं. खात्री करायची असेल तर लेन्स समोर धरून आत बघत झूम फिरवा, आतलं भोक मोठं होताना दिसेल. मग उजेड कमी का? कारण भोकाचं क्षेत्रफळ साडेतीन पटींहून थोडं जास्त वाढलं, पण ज्या दृश्याचा उजेड आत येतोय ते नवव्या हिश्शावर आलं. साडेतीन पटींची मिळकत आणि नऊ पटींचा तोटा. हिशेब करून सेन्सरच्या प्रत्येक कणावर अडीच पट कमी उजेड पडतो. f च्या आकड्यात हा सगळा हिशेब आधीच केलेला असतो, म्हणून तर छायाचित्रकार भोकाचा व्यास कधी बोलत नाहीत, f चा आकडा बोलतात. १८ च्या लेन्सचा f/4 आणि २०० च्या लेन्सचा f/4 सेन्सरवर साधारण सारखाच उजेड टाकतात, भोकं कितीही लहानमोठी असोत.

आकड्यांची शिडी अशी : 1.4, 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16, 22. एक पायरी चढली की उजेड निम्मा. या एका पायरीला 'स्टॉप' म्हणतात. आकडे दुप्पट न होता १.४ पटीने वाढतात, कारण उजेड भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. शटरची शिडी सरळ आहे : 1/30, 1/60, 1/125, 1/250, 1/500. तिथेही एक पायरी म्हणजे निम्मा उजेड. आयएसओचं 800, 1600, 3200, 6400 असं दुप्पट दुप्पट. तिन्ही शिड्यांच्या पायऱ्या एकाच मापाच्या केल्या आहेत हीच या पद्धतीतली मोठी सोय. एका शिडीवर दोन पायऱ्या गमावल्या, तर दुसऱ्या शिडीवर दोन पायऱ्या मिळवायच्या. फोटोचा उजळपणा तोच राहतो.

एक्सपोजर म्हणजे सेन्सरवर पडलेला एकूण उजेड, म्हणजे उजेडाचा जोर गुणिले वेळ. स्टेजवरचे दिवे तेच राहिले तर जोर ॲपर्चर ठरवतं आणि वेळ शटर. तुमच्या दुसऱ्या फोटोत जोर अडीच पट घटला, म्हणून कॅमेऱ्याने वेळ अडीच पट वाढवली. 1/50 ला अडीचने गुणलं की बरोब्बर 1/20 येतं. कॅमेऱ्याने काम चोख केलंय. त्याला तुम्ही दिलेली मोकळीकच कमी होती : ॲपर्चर लेन्सने अडवलेलं, आयएसओ तुम्ही 1600 वर अडवलेला, उरलं एकटं शटर.

एक्सपोजर हा शब्द तुम्हाला आणखी दोन अर्थांनी भेटेल. फोटो किती उजळ किंवा काळपट दिसतो त्यालाही लोक एक्सपोजर म्हणतात. आणि +/- खुणेच्या बटणाला एक्सपोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात, त्याबद्दल पुढे सांगतो. आयएसओने सेन्सरवर उजेड वाढत नाही. आलेल्या उजेडाचा संकेत वाढवून फोटो उजळ केला जातो. त्यामुळे पहिल्या, नेमक्या अर्थाने तो एक्सपोजरचा भाग नाही, पण दुसऱ्या अर्थाने आहे. गाइडमध्ये तिन्ही अर्थ एकाच पानावर आलेले मी पाहिलेत. कुठला चालू आहे ते संदर्भाने ओळखायचं.

आता फोटो 'हलला' याचा तपास. यात दोन वेगळे दोष असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हे नीट बघा. लांबच्या फोटोंपैकी एक पडद्यावर पूर्ण मोठा करा. माइकचा स्टँड, पडद्याची झालर, विंगेची कड, असं काहीतरी न हलणारं शोधा. तेही पुसट असेल, आणि सगळीकडे एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर तुमचा हात हलला. स्टँड स्पष्ट आहे, पण भाचीचा हात आणि ओढणी पुसट आहेत, तर ती हलली, तुम्ही नाही. तिसरीही शक्यता असते : भाची पुसट आणि मागच्या रांगेतली मुलगी लख्ख. ते हलणं नव्हे, फोकस चुकीच्या जागी लागलाय. या तिन्हींना लोक सरसकट 'ब्लर' म्हणतात आणि मग चुकीच्या जागी औषध लावतात.

तुमच्या फोटोंत पहिले दोन्ही दोष असणार, हे आकड्यांवरूनच सांगता येतं. हाताच्या थरथरीसाठी एक जुना ठोकताळा आहे : शटरचा वेळ १ भागिले फोकल लेंथ यापेक्षा जास्त नको. तो ३५ मिमी फिल्मच्या काळातला आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर त्या फिल्मपेक्षा लहान, एपीएस-सी मापाचा असावा, कारण 18-55 या मापाची किट लेन्स बहुतेक त्याच्याबरोबर येते. म्हणून फोकल लेंथला दीडने गुणून घ्यायचं. १८ वर सुमारे 1/30 लागतो, तुमच्याकडे 1/50 होता, निभावलं. ५५ वर 1/80 च्या आसपास लागतो, तुमच्याकडे 1/20 होता. दोन पायऱ्या कमी. झूम केल्यावर दृश्य जसं तिप्पट मोठं होतं तसं हाताचं थरथरणंही तिप्पट मोठं होतं, आणि इथे ते अडीच पट जास्त वेळ नोंदलं गेलं. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन असेल तर हा दोष बऱ्यापैकी भरून निघतो. पण भाचीच्या हालचालीवर स्टॅबिलायझेशनचा काडीचाही उपयोग नाही. दुकानदार हे सांगत नाहीत आणि लोक तिथेच फसतात.

हालचालीचा हिशेब असा. नाचताना हात सेकंदाला दोन मीटर वेगाने सहज फिरतो. 1/20 सेकंदात तो १० सेंटिमीटर पुढे गेला, म्हणजे बोटांच्या जागी नुसता पट्टा उमटणार. 1/50 ला ४ सेंटिमीटर, म्हणून तुमचे जवळचे फोटोही 'त्यातल्या त्यात' बरे आहेत, पूर्ण बरे नाहीत. 1/250 ला तो जेमतेम ८ मिलिमीटर सरकतो, आणि पूर्ण अंगाच्या फोटोत हे डोळ्याला जाणवत नाही. शाळेच्या समूहनृत्याला मी 1/250 धरून चालतो, उजेड नसेल तर 1/160 पर्यंत उतरतो. कथक किंवा भरतनाट्यम असेल तर थोडी आणखी सवलत मिळते, कारण समेवर नर्तकी क्षणभर थांबते. तबल्याकडे किंवा मृदंगाकडे कान ठेवून त्या क्षणाला बटण दाबलं तर 1/80 लाही बोटांच्या मुद्रा स्वच्छ येतात. लावणीच्या गिरकीला असली सवलत नाही.

आता पांढरेफटक चेहरे. कॅमेऱ्यातला मीटर समोर काय आहे हे ओळखत नाही. चौकटीतला एकूण उजेड मोजतो आणि सगळं मिळून मध्यम करडं दिसावं असं एक्सपोजर ठरवतो. नाट्यगृहात मागे काळा पडदा, चौकटीचा बराचसा भाग काळा, मध्ये दिव्याखाली एक मुलगी. मीटरला वाटतं दृश्य अंधारं आहे, म्हणून तो पडदा करडा करायला जातो आणि त्या नादात चेहरा जळतो. नव्या कॅमेऱ्यांचा मीटर चेहरा ओळखून थोडं सावरून घेतो, पण नाचताना चेहरा वळला की पुन्हा पडद्याच्या आहारी जातो. चेहरा खरोखर जळलाय का, हे कॅमेऱ्यावरच कळतं. प्लेबॅकमध्ये हायलाइटची सूचना चालू करा. जळलेला भाग पडद्यावर लुकलुकतो. कपाळावरचा किंवा दागिन्यावरचा एखादा ठिपका लुकलुकला तर चालतं. पूर्ण गाल लुकलुकत असेल तर तिथली कातडी, मेकअप, भाव, जेपीईजी फाइलमध्ये काहीच नोंदलेलं नाही आणि ते तिच्यातून नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. काळपट राहिलेला भाग मात्र बऱ्यापैकी वर काढता येतो. म्हणून स्टेजवर चूक व्हायचीच तर काळपटाच्या बाजूने होऊ द्यावी.

यावर +/- बटणाचा उपाय. ते −1 वर आणा. म्हणजे मीटर जे ठरवेल त्याच्या निम्मंच एक्सपोजर द्यायचं, असा कॅमेऱ्याला हुकूम. चेहरे सावरतात, आणि तुमच्या बाबतीत आणखी एक फायदा : निम्मं एक्सपोजर म्हणजे निम्मा वेळ, त्यामुळे 1/20 चा आपोआप 1/40 होतो. पडदा आणखी काळा होईल, तो काळाच असायला हवा. हे बटण कार्यक्रम संपल्यावर शून्यावर आणायचं तेवढं ध्यानात ठेवा, बऱ्याच कॅमेऱ्यांत ते तिथेच राहतं.

म्हणजे तुमच्या नाट्यगृहातला खरा उजेड असा : f/5.6, 1/40, ISO 1600. हा पाया धरून पुढच्या वेळी काय करता येईल ते पाहू.

खुर्चीवरूनच, ५५ वर काढायचं असेल तर ॲपर्चर f/5.6 च्या पुढे उघडत नाही. शटर 1/40 वरून 1/160 वर न्यायचं म्हणजे दोन पायऱ्या. त्या फक्त आयएसओकडून मिळतात : 1600 चा 3200, 3200 चा 6400. म्हणून डायल M वर, म्हणजे सगळे आकडे हाताने ठरवायच्या मोडवर, f/5.6, 1/160, ISO 6400. आयएसओ 1600 च्या वर नेऊ नये हा सल्ला जुन्या कॅमेऱ्यांच्या काळात ठीक होता. आजच्या सेन्सरवर 6400 ला दाणेदारपणा येतो, सावल्यांत रंग थोडे मळतात, पण ८ बाय १२ इंचाच्या छापील फोटोत घरचं कुणी त्याबद्दल बोलणार नाही. फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात ठेवलीत तर दाणे नंतर बऱ्यापैकी कमीही करता येतात. हललेली बोटं मात्र परत जोडता येत नाहीत. दाणे आणि हलणं यांत निवड करायची वेळ आली तर मी प्रत्येक वेळी दाणे पत्करतो.

M वर आयएसओसुद्धा हातानेच ठरवा, ऑटोवर ठेवू नका. ऑटो ठेवलात तर पडद्याचं प्रमाण बदलेल तसा मीटर पुन्हा फसेल. स्टेजचे दिवे एका गाण्यापुरते साधारण स्थिर असतात. पहिल्या कडव्यात दोन-तीन फोटो काढून गालाचं लुकलुकणं तपासायचं, हवं तर शटर एक पायरी इकडेतिकडे करायचं, आणि पुढचं अख्खं गाणं आकड्यांना हात लावायचा नाही. दिवे बदलत राहणारा कार्यक्रम असेल, निळ्यावरून लाल आणि मध्येच अंधार, तर ऑटो आयएसओ −1 सह बरा पडतो, फक्त वरची मर्यादा 6400 करा.

जवळ जायची मुभा असेल तर हिशेब पालटतो. १८ वर f/3.5 मिळतो, म्हणजे अडीच पट उजेड. 1/40 चा 1/100 होतो, आणि ISO 3200 केला की 1/200. आयएसओ निम्म्यावर आला, दाणे कमी झाले आणि शटरही जास्त वेगवान. खुर्चीवरून ८ मीटरवर ५५ ने भाची जेवढी मोठी दिसत होती, तेवढीच ती १८ ने साधारण अडीच मीटरवरून दिसेल. पण फोटो सारखा दिसणार नाही. इतक्या जवळून, त्यातही स्टेजच्या खालून, पुढे आलेला पाय मोठा आणि डोकं लहान दिसतं, मागच्या रांगेतल्या मुली फार दूर गेल्यासारख्या वाटतात. लोक याचा दोष १८ च्या फोकल लेंथला देतात. तो अंतराचा आहे. त्याच अडीच मीटरवरून ५५ ने नुसता चेहरा घेतलात तरी डोक्यामागच्या रांगेशी त्याचं प्रमाण तसंच राहील, फक्त चौकट लहान होईल.

नाट्यगृहात शटरला आणखी एक मर्यादा पडते, आणि किट लेन्सच्या गाइडमध्ये ती क्वचित सापडते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, वेगवान शटरला दिसतं. फोटोत आडवे काळपट पट्टे आले, किंवा लागोपाठच्या दोन फोटोंत एक उजळ आणि एक पिवळट आला, तर हेच कारण समजा. 1/100 ला दिव्याचं एक पूर्ण आवर्तन सामावतं, म्हणून पट्टे जातात. मी अशा ठिकाणी वेगाचा मोह सोडून 1/100 घेतो आणि थांबलेल्या क्षणांवर भर देतो. सायलेंट मोडमध्ये हे पट्टे फार वाईट येतात, कारण त्यात इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं. कार्यक्रमात आवाज नको म्हणून सायलेंट लावायचा मोह होतो, पण आधी एक फोटो काढून तपासा. पट्टे दिसले तर मेकॅनिकल शटरवर या. मंचावरच्या मोठ्या एलईडी पडद्याचे पट्टे मात्र 1/100 नेही जातीलच असं नाही, त्यांची लुकलुक वेगळ्या गतीची असते. तिथे शटर थोडं थोडं बदलून बघणं एवढाच मार्ग.

आता लेन्सचा प्रश्न. घ्यायचीच तर ५० मिमी f/1.8. झूम नसलेली, हलकी, आणि बऱ्याच कंपन्यांच्या यादीतल्या स्वस्त लेन्सपैकी एक. ५० भागिले १.८, म्हणजे भोक जवळजवळ २८ मिलिमीटरचं. तुमच्या किट लेन्सच्या ५५ वरच्या भोकाशी ताडून पाहा, ९.८ होतं. f/2 वर ठेवलीत तरी f/5.6 पेक्षा तीन पायऱ्या जास्त उजेड, म्हणजे आठपट. त्याच खुर्चीवरून, त्याच दिव्यांत f/2, 1/320, ISO 1600. तुम्ही घातलेली 1600 ची मर्यादाही पाळली गेली आणि गिरकीही थांबली. घेण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्याच्या माउंटची आहे ना आणि ऑटोफोकस चालतो ना, एवढं दुकानातच लावून बघा.

एवढ्या उघड्या ॲपर्चरची भीती वाटायला नको, पण मर्यादा माहीत हवी. f/1.8 ला पार्श्वभूमी धूसर होते हे वाचलं असेल. तेच समूहनृत्यात अंगाशी येऊ शकतं, कारण कोणत्या रांगेपर्यंत स्पष्ट राहील हे अंतरावर ठरतं. एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमी f/1.8 ने ८ मीटरवर फोकस केलात, तर साधारण ७.२ मीटरपासून ९ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. म्हणजे जवळजवळ दोन मीटरची पट्टी, दोन रांगा आरामात. तुमच्या किट लेन्सच्या ५५ f/5.6 ला ही पट्टी पाच मीटरच्या आसपास होती, त्यामुळे फोकस कुठे आहे याचा तुम्हाला विचारच करावा लागला नसेल. नव्या लेन्सने तो करावा लागेल. आणि कार्यक्रमानंतर मेकअपरूममध्ये दोन मीटरवरून भाचीचा फोटो घ्याल, तेव्हा हीच पट्टी ११-१२ सेंटिमीटरची होते. ती समोर बघत असेल तर डोळ्यावर फोकस धरून पूर्ण चेहरा स्पष्ट येतो. तिच्या खांद्याला खांदा लावून मैत्रीण उभी असेल आणि ती अर्धा फूट मागे असेल, तर तिचा चेहरा धूसर. तिथे f/4 करा आणि दोघींना एका रेषेत उभं करा.

लांबचं जवळ दिसावं म्हणून 55-200 किंवा 18-200 अशी मोठी झूम घ्यावी, असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. तिचा कोरलेला आकडा वाचा. लांबच्या टोकाला f/5.6 किंवा f/6.3 असेल, आणि २०० वर हाताची थरथर झेलायलाच 1/300 लागतो. तुमच्या त्याच नाट्यगृहात तो हिशेब f/6.3, 1/320 ला ISO 16000 पर्यंत जातो. दिवसा पक्ष्यांसाठी, मैदानावरच्या खेळासाठी ती लेन्स चांगली आहे, पण गॅदरिंगसाठी नको.